हायड्रोजनच्या नळीतून ड्युटेरियमचा R कसा काय येतोय?

मृण्मयी_ना
सर्वांना नमस्कार. मी नागपुरात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय आहे हायड्रोजन आणि ड्युटेरियमच्या रेषांमधला तरंगलांबीचा फरक. विभागात दोन डिस्चार्ज नळ्या आहेत, बऱ्याच जुन्या. एकीवर H आणि दुसरीवर D असं लिहिलंय, पण शाई इतकी पुसट झालीय की कोणी नंतर अंदाजाने गिरवलं असावं अशी मला शंका आहे.

D वाली नळी अजून पेटलेलीच नाही, ट्रान्सफॉर्मरची जोडणी सैल आहे. म्हणून H वाली घेतली. अर्ध्या मीटरचा मोनोक्रोमेटर, 1200 रेषा प्रति मिलिमीटरचं ग्रेटिंग, फोटोमल्टिप्लायर आणि दोन्ही स्लिट 20 मायक्रॉनवर. तिन्ही रेषा अशा आल्या:

लाल 656.28 नॅनोमीटर
निळसर हिरवी 486.133
जांभळी 434.047

बामरच्या सूत्रात, म्हणजे 1/λ = R(1/4 − 1/n²) मध्ये, n ला 3, 4, 5 घालून R, म्हणजे रिडबर्गचा स्थिरांक, काढला. तिन्ही वेळा 109709 प्रति सेंटिमीटर आला, फरक फक्त दशांशात. पुस्तकात R_H आहे 109677.6 आणि R_D आहे 109707.4. म्हणजे माझा R हायड्रोजनपासून 32 ने लांब आणि ड्युटेरियमपासून दोनने.

एक रेष चुकली असती तर माझी चूक म्हटलं असतं. तिन्ही एकच सांगताहेत. नळ्यांची लेबलं अदलाबदल झालीत, असं सरांना लिहून द्यावं का? द्यायच्या आधी इथे विचारतेय.

ध्रुवबाळ
तीन स्वतंत्र रेषा जर एकच उत्तर देत असतील तर माझ्या मते प्रश्न मिटला. लेबल चुकलंय. आमच्याकडे रसायनांच्या बाटल्यांचं असं दर वर्षी होतं. सरळ लिहून दे.

जुना_टेबलखालचा
मृण्मयी, अजून काही लिहून देऊ नकोस. मी तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीत, त्यातली बरीचशी अशाच मोनोक्रोमेटरपाशी. लेबल चुकलेलं असूही शकतं, पण तुझ्या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही. तिन्ही रेषा "स्वतंत्र" आहेत हेच मला मान्य नाही. तिन्ही एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने मोजल्यास ना? मग पद्धतीत एखादी चूक असेल तर ती तिघींनाही सारखीच लागेल.

दोन गोष्टी सांग. यंत्राची पट्टी कशाने तपासलीस, आणि त्या दिव्याचे आकडे कुठून घेतलेस? आणि ग्रेटिंगचा स्क्रू दर वेळी एकाच दिशेने फिरवत रेषेवर आलीस का? दोन्हीकडून येत असशील तर स्क्रूची ढिलाईच दशांश दोन नॅनोमीटर खाऊन टाकते, आणि तुला शोधायचाय तो फरक नेमका तेवढाच आहे.

शाळामास्तर_अचलपूर
वाचून फार आनंद झाला. आमच्या शाळेत मुलांनी जुन्या सीडीचा तुकडा आणि बुटांच्या खोक्याचा वर्णपटदर्शी केलाय. ट्यूबलाइटच्या रेषा झकास दिसतात. एक साधा प्रश्न: हायड्रोजनची नळी मिळवली तर या खोक्यातून मुलांना दोन रेषा वेगळ्या दिसतील का? एक लाल आणि तिच्या शेजारी ड्युटेरियमची लाल?

मृण्मयी_ना
@जुना_टेबलखालचा काका, स्क्रूचं सरांनी आधीच बजावलं होतं. दर वेळी कमी तरंगलांबीकडूनच वर आले. पट्टी निऑनच्या दिव्याने तपासली. लाल भागात त्याच्या रेषा अगदी जवळ मिळतात: 650.653, 653.288, 659.895. आकडे एनआयएसटीच्या ऑनलाइन तक्त्यातून घेतले. या तिन्हींवर सरळ रेष बसवली, एकही बिंदू 0.005 पेक्षा जास्त हलला नाही. निळ्या-जांभळ्या भागासाठी पाऱ्याच्या रेषा वापरल्या, आकडे त्याच तक्त्यातले.

खोली गरम होती हे खरं. मे महिना, बाहेर 45, कूलर बंद ठेवला कारण त्याच्या थरथरीने सिग्नल हलतो. आत 41 तरी असेल.

जुना_टेबलखालचा
मग सापडलं. तुझं मोजमाप चांगलं आहे. गणितात एक पायरी राहिली.

तो तक्ता 200 नॅनोमीटरच्या वरच्या तरंगलांब्या काही न सांगितलं तर *हवेतल्या* देतो. पाऱ्याचं 546.07, सोडियमचं 589.00, निऑनचं 659.895, आपण सगळे लहानपणापासून जे आकडे पाठ म्हणतो ते सगळे हवेतले. त्यावर पट्टी बसवलीस म्हणजे तुझं 656.28 सुद्धा हवेतलं झालं. पण बामरच्या सूत्रातला R_H 109677.6 हा निर्वातातला आहे. ऊर्जेचा फरक भागिले hc म्हणजे निर्वातातल्या तरंगलांबीचा व्यस्त. हवेची तरंगलांबी सूत्रात घातलीस, पण R ची तुलना निर्वाताच्या आकड्याशी केलीस.

लाल रंगाला प्रमाणित हवेचा अपवर्तनांक 1.000276. त्याने गुणलं की 656.28 चं होतं 656.46. आता R काढ, 109679 येईल. नळी हायड्रोजनचीच आहे.

आता तुला ड्युटेरियमच का दिसलं, ते बघ. R_D भागिले R_H म्हणजे 1.000272. हवा 1.000276, समस्थानिक 1.000272. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. एक ठरतो हवेच्या रेणूंच्या गर्दीवर, दुसरा इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनच्या वजनावर. तरी ते इतके जवळ आलेत की हवेची दुरुस्ती विसरलं की हायड्रोजन बरोबर ड्युटेरियमच्या जागी जाऊन बसतो. आणि दोन्ही दुरुस्त्या गुणाकाराच्या आहेत, म्हणून लाल, निळी, जांभळी सगळ्या रेषा एकाच प्रमाणात सरकतात. तिन्ही रेषांचं एकमत झालं ते यामुळे.

ध्रुवबाळ
काका, इथे मला पटत नाही. निऑनचा प्रकाशही त्याच खोलीतल्या त्याच हवेतून आला. हायड्रोजनचाही. मग हवेचा परिणाम दोन्हीकडे सारखा, तो कटून गेला. मृण्मयीने निऑनशी तुलना केली म्हणजे हवेचा प्रश्नच उरला नाही, नाही का?

जुना_टेबलखालचा
अर्धं अगदी बरोबर आहे तुझं, आणि ते अर्धं कामाचं आहे.

मृण्मयीच्या खोलीतली हवा प्रमाणित हवा नव्हतीच. तक्त्यातली हवा 15 अंशांची आणि समुद्रसपाटीच्या दाबाची असते. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर उंच, त्यात खोली 41 अंशांवर. हवा विरळ झाली, म्हणून तिचा अपवर्तनांक 1.00024 च्या आसपास उतरला. म्हणजे तिच्या टेबलावर हायड्रोजनच्या लाल रेषेची खरी लांबी 656.28 नव्हतीच, सुमारे 656.30 होती. पण निऑनच्या रेषाही त्याच प्रमाणात लांबल्या होत्या आणि तिने त्यांना तक्त्यातलं नाव दिलं, म्हणून उत्तर आपोआप प्रमाणित हवेत आलं. नागपूरचा उन्हाळा कटला, हे तुझं म्हणणं खरं.

पण कटला तो फक्त खोलीच्या हवेचा आणि तक्त्याच्या हवेचा *फरक*. तक्त्याची हवा आकड्यात तशीच बसलेली आहे. मीटरपट्टीवरच्या खुणा हवेच्या असतील तर तिने मोजलेलं सगळं हवेचंच येणार. निऑनचे निर्वातातले आकडे घेतले असते, म्हणजे 659.895 च्या जागी 660.077, तर त्याच मोजमापातून थेट 656.46 आलं असतं आणि हा धागा निघालाच नसता.

आयआर_प्रेमी
मधेच बोलतो. मी औषध कंपनीत इन्फ्रारेडवर काम करतो. आमच्याकडे H च्या जागी D घातला की रेष *खाली* जाते. O-H चा पट्टा साधारण 3400 प्रति सेंटिमीटरवर, O-D चा 2500 वर. कारण तेच, रिड्यूस्ड मास वाढतो, कंपन मंदावतं. मग ड्युटेरियमची लाल रेष हायड्रोजनपेक्षा आणखी लाल बाजूला हवी ना? इथे तर सगळे R_D मोठा, म्हणजे रेष निळ्या बाजूला असं धरून चाललेत. उलटं नाही वाटत?

मृण्मयी_ना
हा प्रश्न मलाही परवा पडला होता आणि मी तो गिळून टाकला होता. सूत्रात R हा रिड्यूस्ड मासच्या प्रमाणात आहे एवढं माहीत आहे, पण *का* उलटं होतं ते सांगता आलं नसतं.

जुना_टेबलखालचा
चांगला प्रश्न. शब्द एकच आहे, रिड्यूस्ड मास, पण दोन ठिकाणी दोन वेगळ्या जोड्यांचा.

तुमच्या O-H मध्ये स्प्रिंगच्या दोन टोकांना दोन अणू आहेत. H च्या जागी D आला की जोडीचा रिड्यूस्ड मास जवळजवळ दुप्पट होतो. स्प्रिंगचा ताठपणा तोच राहतो, तो इलेक्ट्रॉनांवर ठरतो. ओझं दुप्पट, स्प्रिंग तीच, झोका मंद.

अणूच्या रेषेत जोडी आहे इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्राची. लहान पोरगी आणि धिप्पाड आत्या फुगडी खेळताहेत असं बघा. फिरते पोरगीच, पण आत्याही अगदी जागच्या जागी राहत नाही, तिचाही एक लहानसा गोल होतो. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या 1836 पट, म्हणून त्याचा गोल तेवढाच लहान. ड्युटेरॉन 3670 पट, त्याचा गोल निम्मा. म्हणजे इथे रिड्यूस्ड मास दुप्पट होत नाही, दहा हजारांत पावणेतीन भागांनीच वाढतो. इलेक्ट्रॉन किंचित जड झाल्यासारखा वागतो, एवढंच.

आणि या जोडीला बांधणारी स्प्रिंग नाही, विद्युत आकर्षण आहे. जवळ गेलं की ते वाढतं. वागणूक जड झाली की इलेक्ट्रॉनचा ढग तेवढ्याच प्रमाणात आक्रसतो, केंद्राच्या जवळ येतो आणि बंध खोल होतो. सगळ्या पातळ्या एकाच प्रमाणात खोल गेल्या की त्यांच्यातलं अंतरही त्याच प्रमाणात वाढतं. जास्त ऊर्जा, कमी लांबी. म्हणून ड्युटेरियमची रेष निळ्या बाजूला: हवेत 656.28 च्या जागी 656.10. हिरवीला फरक 0.132, जांभळीला 0.118. भागाकार केलात तर सगळीकडे तोच 2.72 भाग दहा हजारांत.

आयआर_प्रेमी
ठीक. स्प्रिंगमध्ये बळ वस्तुमानाला ओळखत नाही, आणि इथे वस्तुमान बदललं की बळाचं अंतरच बदलतं. हे मी कधी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं.

टेकडीवरचा
मी हौशी आकाशवाला. उमरेडच्या बाजूला दुर्बीण घेऊन जातो, आणि दिवसा सूर्य बघायला हायड्रोजन-अल्फाचा फिल्टर आहे. तुमच्या 0.18 वरून आठवलं. माझ्या फिल्टरची खिडकी 0.07 नॅनोमीटर रुंद आहे. म्हणजे ड्युटेरियमची रेष पूर्ण बाहेर पडली. मग फिल्टर तिरपा करून निळ्या बाजूला सरकवला तर सूर्यावरचा ड्युटेरियम दिसेल का? तिरपा केला की काहीतरी दिसतं खरं.

जुना_टेबलखालचा
दिसतं ते हायड्रोजनच, तुमच्याकडे धावत येणारं. 2.72 भाग दहा हजारांत याला प्रकाशाच्या वेगाने गुणा, सेकंदाला साधारण 82 किलोमीटर येतात. तेवढ्या वेगाने आपल्याकडे येणाऱ्या हायड्रोजनची प्रत्येक रेष हुबेहूब ड्युटेरियमच्या जागी पडते. इथेही सगळ्या रेषा एकत्र सरकतात, म्हणून दुसरी रेष बघून सुटका नाही. सूर्यावर तेवढ्या वेगाचे झोत उठतात. शिवाय सूर्याचा स्वतःचा ड्युटेरियम त्याच्या बालपणीच जळून गेलाय.

दूरच्या क्वेसारांच्या प्रकाशात मधल्या वायूचा ड्युटेरियम शोधणाऱ्यांची खरी डोकेदुखी हीच असते: ही फिकट रेष ड्युटेरियमची, की बरोबर त्या वेगाने चाललेल्या एखाद्या लहान हायड्रोजन ढगाची? ते लोक रेषेची रुंदी बघतात. ड्युटेरियम जड, त्याच तापमानाला संथ, म्हणून त्याची रेष थोडी अरुंद.

ध्रुवबाळ
मग एक विचारतो. मृण्मयीच्या साध्या हायड्रोजन नळीतही थोडा ड्युटेरियम असणारच. 656.28 च्या शेजारी 656.10 ला बारीक रेष दिसायला हवी. ती दिसली का? नसेल तर यंत्रच अपुरं आहे.

जुना_टेबलखालचा
यंत्र अपुरं नाही. नैसर्गिक पाण्यात साधारण 6400 हायड्रोजनमागे एक ड्युटेरियम. एवढ्या प्रखर रेषेपासून 0.18 नॅनोमीटरवर तिच्या सहा हजारांश उजेडाची रेष शोधायची, तर मोठ्या रेषेची शेपटीच तिला गिळते. आणि ग्रेटिंगच्या आखणीत सूक्ष्म आवर्ती चूक असली की प्रखर रेषेच्या दोन्ही बाजूंना खोट्या फिकट रेषा उमटतात, त्यांना भुतं म्हणतात. 1931 मध्ये हॅरोल्ड युरी आणि जॉर्ज मर्फी यांना कोलंबिया विद्यापीठात हीच भीती होती. साध्या हायड्रोजनमध्ये फिकट रेष हव्या त्या जागी दिसत होती, पण ती भूत नाही हे कशावरून? फर्डिनांड ब्रिकवेड यांनी त्यांना द्रव हायड्रोजन 14 केल्विनच्या जवळ हळूहळू उडवून उरलेला गाळ पाठवला. त्यात ती रेष कितीतरी पटींनी ठळक झाली, तेव्हा शंका फिटली. भूत मोठ्या रेषेच्या प्रमाणातच राहतं, एकटं वाढत नाही.

मृण्मयी_ना
आज दुसरी नळी पेटली! सरांनी जोडणी स्वतः घट्ट केली. ही D लिहिलेली.

लाल भागात दोन रेषा आल्या. एक 656.28 ला, दुसरी 656.10 ला, दुसरी तिप्पट उंच. मधली दरी जवळजवळ तळापर्यंत जाते. तीन वेळा स्कॅन केलं, अंतर आलं 0.177, 0.180, 0.178.

मग मी मुद्दामच हवेची दुरुस्ती न करता, आधीसारखाच R काढून बघितला. 656.28 वरून अर्थातच 109709. आणि 656.10 वरून 109739.

काका, R_∞ आहे 109737.3. अणुकेंद्र अनंत जड असलं, जागचं जराही हललं नाही, तरी R तिथे थांबतो. त्याच्या वर कोणताच अणू या सूत्राने जाऊ शकत नाही. माझी नळी गेली. म्हणजे पहिल्या दिवशी ही नळी पेटली असती तर मला कोणी न सांगताही कळलं असतं की कुठेतरी दुरुस्ती राहिलीय.

जुना_टेबलखालचा
शाब्बास. हे मी सांगणार होतो आणि तू आधीच बघितलंस.

या तीन पायऱ्या आहेत: R_H, त्याच्या वर R_D, त्याच्या वर R_∞. ड्युटेरॉन प्रोटॉनच्या जवळपास दुप्पट असल्यामुळे दोन्ही पायऱ्यांची उंची जवळजवळ सारखी, सुमारे 30 प्रति सेंटिमीटर. आणि हवा नेमकी तेवढ्याच उंचीची एक पायरी वर चढवते. हायड्रोजन चढला तर ड्युटेरियम वाटतो, संशय येत नाही. ड्युटेरियम चढला की थेट छताला डोकं आपटतं.

आता अंतराचं बघ. दोन रेषा एकाच स्कॅनमध्ये, एकाच हवेत. गुणोत्तरात हवा खरोखर कटते, ध्रुवबाळ म्हणत होता तशी. म्हणून तुझ्या प्रकल्पाचा आकडा R नसावा, 0.178 असावा. त्यावरून ड्युटेरॉनचं वजन काढ.

मृण्मयी_ना
काढलं. 656.280 भागिले 656.102 म्हणजे 1.0002713. हे (1 + m/M_H) भागिले (1 + m/M_D) इतकं. प्रोटॉन 1836.15 धरला तर वरचा भाग 1.0005446. भागल्यावर खालचा आला 1.0002733, म्हणजे ड्युटेरॉन इलेक्ट्रॉनच्या साधारण 3660 पट. प्रोटॉनशी गुणोत्तर 1.99. अंतरात 0.002 ची चूक धरली तर गुणोत्तरात 0.02 ची.

एक शंका राहिली. हवेची दुरुस्ती करूनही पहिल्या नळीचा R 109679.0 येतो, 109677.6 नाही. हा 1.4 चा फरक माझ्या चुकीत बसत नाही असं मला वाटतं.

जुना_टेबलखालचा
बसत नाही, बरोबर आहे तुझं. एवढा R म्हणजे लाल रेषेत जवळपास 0.01 नॅनोमीटर. बोरच्या सूत्रात इलेक्ट्रॉनच्या वेगाचा सापेक्षतावादी परिणाम आणि स्पिन नाही. त्यामुळे खरी लाल रेष ही एक रेषच नाही, 0.014 नॅनोमीटर अंतरावरच्या दोन गठ्ठ्यांची जोडी आहे, आणि तिचा मध्य सूत्रापेक्षा थोडा निळ्याकडे सरकलेला आहे. तुझ्या 20 मायक्रॉनच्या स्लिटला ती एकच दिसते. H आणि D दोन्हींत ही जोडी जवळपास सारखीच सरकलेली, म्हणून अंतरावर परिणाम नाही.

मास्तर, तुमचं उत्तर राहिलंच होतं, माफ करा. खोक्यातून दोन रेषा वेगळ्या दिसणार नाहीत, पण कारण सीडी नाही. फरक ओळखायला साधारण 3700 खाचांवर उजेड पडला तरी पुरे. सीडीच्या खाचा मिलिमीटरला 625, म्हणजे सहा मिलिमीटर रुंद तुकडा. तेवढा तुमच्याकडे आहे. अडवते ती स्लिट. कॉलेजच्या नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरवर, इंचाला 15000 रेषांच्या ग्रेटिंगने, पहिल्या क्रमात या दोन रेषांमधला कोन येतो 24 सेकंद. स्पेक्ट्रोमीटरच्या कॉलिमेटरचं नाभीअंतर पावणेदोनशे मिलिमीटर धरलं तर स्लिट 0.02 मिलिमीटरपेक्षा अरुंद हवी. ब्लेडच्या दोन पात्यांनी खोक्यावर केलेली फट त्याच्या दहापट तरी असते. दुसऱ्या क्रमात कोन 69 सेकंद होतो आणि स्लिट 0.037 पर्यंत चालते. एखाद्या कॉलेजात मुलांना घेऊन गेलात आणि मृण्मयीसारखी H आणि D दोन्ही असलेली नळी मिळाली, तर तिथे डोळ्याने दिसू शकेल.

शाळामास्तर_अचलपूर
नळीत दोन्ही असावेत, हे मला सुचलं नसतं. मी दोन नळ्या शेजारी ठेवून बघणार होतो.

ध्रुवबाळ
पण ही D ची नळी ना? मग तिच्यात हायड्रोजन आला कुठून? एकास तीन म्हणजे अशुद्धी म्हणायलाही जास्तच आहे. भरतानाच भेसळ असणार.

जुना_टेबलखालचा
मला काचेवरच्या पाण्याचा संशय आहे. जुन्या नळीच्या भिंतीत आणि इलेक्ट्रोडमध्ये साधा हायड्रोजन मुरलेला असतो. डिस्चार्ज चालला की तो सुटतो आणि ड्युटेरियम त्याच्या जागी भिंतीत जातो. पण भरतानाच मिसळलेला नाही, हे मी छातीठोक सांगणार नाही.

मृण्मयी_ना
आज वीस मिनिटं सलग चालू ठेवून दर पाच मिनिटांनी स्कॅन घेतलं. सुरुवातीला H आणि D एकास तीन होते, शेवटी एकास दोन. म्हणजे तापल्यावर हायड्रोजन वाढतोय. काकांच्या बाजूने वाटतं.

ध्रुवबाळ
किंवा तापल्यावर रेषा रुंद झाल्या आणि H च्या उंचीत D ची शेपटी मिसळली. उंची नको, क्षेत्रफळ काढ.

जुना_टेबलखालचा
क्षेत्रफळाचं म्हणणं रास्त आहे, तेच काढ. दोन्ही शिखरांना वेगळे वक्र बसव आणि दरीच्या तळाचा आकडाही वेगळा लिहून ठेव. भिंतीतून पाणी सुटत असेल तर 306 नॅनोमीटरपाशी OH चा पट्टा दिसायला हवा. फक्त तुझी नळी साध्या काचेची असेल तर ती काच तिथे जवळजवळ अपारदर्शक असते. पट्टा दिसला नाही तर त्याचा अर्थ "पाणी नाही" असा काढू नकोस.

मृण्मयी_ना
नळी साध्या काचेचीच आहे. मग उद्या सकाळी, खोली थंड असताना, नळी रात्रभर बंद ठेवून पुन्हा पहिल्यापासून घेते. गुणोत्तर परत एकास तीनवर येतं का बघते. आल्यावर क्षेत्रफळांसह इथेच टाकते.